कार्ड मशीनवर पैसे दोनदा कटले तर बँकेला अर्ज कसा लिहायचा

प्रश्न: दुकानात कार्ड मशीनवर पेमेंट फेल दाखवलं म्हणून परत कार्ड लावलं, आता अकाउंटमधून दोनदा पैसे गेलेत. दुकानदार म्हणतो आमच्याकडे एकदाच आले, बँकवाले म्हणतात लेखी अर्ज द्या. अर्जात नेमकं काय लिहू म्हणजे परत परत फेऱ्या माराव्या लागणार नाहीत?

उत्तर:

अर्ज लिहायला बसायच्या आधी एक गोष्ट पक्की करा, त्या दोन रकमांपैकी तुमची खरी कुठली आणि चुकीची कुठली. मी बँकेच्या कार्ड डिस्प्यूटच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत आणि तिथे येणारे निम्म्याहून जास्त अर्ज "माझे पैसे दोनदा कट झाले आहेत तरी कृपया परत करावे" एवढ्याच एका ओळीचे असायचे. आता बँकेच्या सिस्टिमला "दोनदा" असं काही दिसतच नाही, तिला दोन स्वतंत्र व्यवहार दिसतात, दोन्हीला वेगळा नंबर आणि दोन्हीपुढे सक्सेस. तक्रार लावायची तर ती कुठल्यातरी एकाच व्यवहारावर लावावी लागते, आणि तो कुठला हे तुम्ही सांगितलं नाहीत तर टेबलावरचा माणूस अंदाजाने एक उचलतो. चुकून खराच उचलला की दुकानाची बँक त्याची सही-शिक्क्याची स्लिप पाठवून मोकळी होते आणि तुमची तक्रार बंद.

मशीनवर फेल दाखवूनही पैसे का कटतात ते थोडक्यात सांगतो, कारण अर्जातली भाषा त्यावरच ठरते. तुम्ही पिन टाकलात की मशीन एक विनंती दुकानाच्या बँकेकडे पाठवतं, तिथून ती कार्ड नेटवर्कमधून तुमच्या बँकेकडे जाते, तुमची बँक बॅलन्स बघून हो म्हणते आणि डेबिट कार्ड असेल तर बहुतेक बँका त्याच क्षणी खात्यातून रक्कम वजा करतात. तो "हो" परत मशीनपर्यंत पोचायला हवा. वाटेत नेटवर्क गेलं, मशीनच्या सिमला रेंज नव्हती, तर मशीन ठराविक वेळ वाट बघतं आणि हात वर करतं. मग ते स्वतःहून एक उलट मेसेज पाठवतं, ज्याला रिव्हर्सल म्हणतात, की मघाचं रद्द समजा. पण जिथे जाणारं उत्तरच अडकलं तिथे हा उलट मेसेज पण अडकू शकतो, बऱ्याच मशीनवर तो पुढचा व्यवहार करताना आधी पाठवला जातो, आणि नेमकं त्याच वेळी कोणी मशीन बंद करून चालू केलं किंवा दुसऱ्याच मशीनवर कार्ड लावलं की तो तसाच राहतो. तोवर इकडे तुमचं दुसरं पेमेंट झालेलं असतं. हा झाला पहिला प्रकार, यात पहिली रक्कम दुकानापर्यंत गेलेलीच नसते, मधेच कुठेतरी लटकलेली असते.

दुसरा प्रकार दिसायला सेम पण आतून पूर्ण वेगळा. पेमेंट नीट झालेलं असतं पण स्लिपचा कागद संपलेला, किंवा काउंटरवर गर्दी, पोराने स्क्रीन नीट बघितलाच नाही आणि "झालं नाही वाटतं साहेब, परत लावा" म्हणून दुसऱ्यांदा कार्ड घेतलं. इथे दोन्ही व्यवहार मशीनवर पण यशस्वी आहेत, दोन्ही रकमा दुकानाच्या खात्यात जातात. यात आपोआप परत येण्यासारखं काहीच नाही कारण कुठल्याच कॉम्प्युटरला काही बिघडलंय असं वाटत नाही. लोक इथेच फसतात, "सात दिवसात येतील" असं कोणीतरी सांगितलेलं असतं आणि ते वाट बघत बसतात.

कधीकधी तिसरं पण होतं, कार्ड एकदाच लावलं, मंजुरी एकच, पण हिशोब पाठवताना तोच व्यवहार दोनदा गेला. हे ओळखायला सोपं, स्टेटमेंटमधल्या दोन्ही नोंदींचा अप्रूव्हल कोड, म्हणजे तुमच्या बँकेने दिलेल्या मंजुरीचा नंबर, एकच निघतो. हे तुमच्या केसमध्ये नाही म्हणून इथे जास्त बोलत नाही.

तुमचा प्रकार कुठला हे कसं कळणार? मेसेजवरून नाही. एसएमएस दोन आले म्हणजे दोन व्यवहार झाले एवढंच कळतं. आजच्या तारखेपर्यंतचं स्टेटमेंट काढा आणि आधी बघा की रक्कम गुपचूप परत आलेली नाही ना, रिव्हर्सल वेगळी जमा नोंद म्हणून येतं आणि एसएमएस दरवेळी येतोच असं नाही, मी स्वतः कितीतरी लोकांना स्टेटमेंटवर बोट ठेवून दाखवलंय की काका हे बघा परवाच आलेत. क्रेडिट कार्ड असेल तर एक नोंद नुसती पेंडिंग असू शकते, ती बिलात न येताच गळून जाते, तिच्यासाठी अर्जाची घाई करू नका. दुकानाचं नाव वेगळं दिसलं तर दचकू नका, पाटीवर एक नाव आणि मशीन मालकाच्या किंवा कंपनीच्या नावावर असं सर्रास असतं.

मग प्रत्येक नोंदीचा RRN शोधा. हा बारा आकडी नंबर स्लिपवर छापलेला असतो आणि बऱ्याच बँकांच्या स्टेटमेंटमध्ये किंवा ॲपमध्ये व्यवहार उघडला की पण दिसतो. बऱ्याच मशीनवर त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षाचा कितवा दिवस, म्हणजे १४ फेब्रुवारी २०२५ चा व्यवहार 5045 ने सुरू होतो. नंबर उतरवताना चूक झाली की नाही हे असं पटकन बघता येतं. स्लिपवर APPR CODE म्हणून छापलेला असतो तो अप्रूव्हल कोड. स्लिपचा फोटो घरी आल्याआल्या काढून ठेवा, तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, पाकिटात ठेवला की थोड्याच दिवसात कोरा होतो आणि मग बँकेत कोरी चिठ्ठी घेऊन उभं राहावं लागतं.

आता दुकानदार. "आमच्याकडे एकदाच आले" हे तो बहुतेक खोटं बोलत नसतो पण त्याने बघितलेलं असतं बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिथे बिल एकच आहे म्हणून पेमेंट पण एकच दिसणार. बँक स्टेटमेंट बघूनही त्याला कळणार नाही, कारण दिवसभराचे सगळे कार्डाचे पैसे त्याच्या खात्यात बँकेचा चार्ज कापून बहुधा एकरकमी येतात. त्याला मशीनचा त्या दिवसाचा डिटेल रिपोर्ट काढायला सांगा किंवा मशीनवाल्या कंपनीच्या ॲपमध्ये बघायला सांगा, त्यात एकेक व्यवहार वेगळा येतो. तुमची रक्कम त्यात एकदाच असेल तर पहिला प्रकार, दोनदा असेल तर दुसरा. तुम्ही त्याच दिवशी, मशीनचं सेटलमेंट म्हणजे दिवसाचा हिशोब त्याच्या बँकेकडे जायच्या आधी पोचलात तर दोनदा आलेल्यातला एक तो तिथल्या तिथे व्हॉइड म्हणजे रद्द करू शकतो, व्हॉइडची स्लिप घ्या आणि बँकेत जायची गरजच नाही. सेटलमेंट झाल्यावर मात्र त्याला रिफंड करावा लागतो, तो पण त्याच कार्डवर घ्या. कॅश देतो म्हणाला आणि तुम्ही घेतलीत तर बँकेत तक्रार करायची नाही, तो विषय तिथेच संपला.

दुकानदाराकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या. प्रकार पहिला असेल तर "या तारखेला या कार्डवरून आम्हाला एकच रक्कम मिळाली, अमुक RRN ची रक्कम आम्हाला मिळालेली नाही." प्रकार दुसरा असेल तर "एकाच बिलापोटी रक्कम दोनदा मिळाली आहे, अमुक RRN ची रक्कम ग्राहकाला परत करण्यास आमची हरकत नाही." या दोन वाक्यांची अदलाबदल झाली की घोळ होतो, कारण रक्कम मिळालेली असताना "मिळाली नाही" असं लिहून दिलं तर दुकानाची बँक रेकॉर्ड दाखवून ते खोटं पाडते. दुकानदार देत नसेल तर भांडत बसू नका, पत्राशिवायही अर्ज चालतो, पत्र असलं की लवकर सुटतं एवढंच.

अर्ज द्यायचा तुमच्या बँकेला, म्हणजे ज्यांचं कार्ड आहे त्यांना. स्लिपच्या डोक्यावर ज्या बँकेचं नाव असतं ती दुकानाची बँक, तिथे तुमचं काही चालत नाही, तरी लोक स्लिप बघून तिकडेच जातात.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार धरून नमुना देतो. रकमा, तारखा, नंबर सगळे मी बनवलेले आहेत, तुमचे घाला. RRN आणि कोड स्लिपवर जसे आहेत तसे इंग्रजी आकड्यांतच लिहा, शोधताना तेच टाईप करावे लागतात.

---

प्रति,
मा. शाखाधिकारी,
(बँक व शाखेचे नाव)

दिनांक: २१ फेब्रुवारी २०२५

विषय: कार्ड मशीनवरील अयशस्वी व्यवहाराची वजा झालेली रक्कम २,३४० रुपये परत जमा करण्याबाबत. (RRN 504513128841)

महोदय,

माझे आपल्या शाखेत बचत खाते असून त्याच्या डेबिट कार्डचे शेवटचे चार अंक ०००० आहेत. दि. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी मी (दुकानाचे नाव) येथे २,३४० रुपयांच्या एकाच बिलासाठी हे कार्ड वापरले. त्या दिवशी खात्यातून पुढीलप्रमाणे दोन वेळा रक्कम वजा झाली.

पहिला व्यवहार: सायं. ७.१२, रक्कम २,३४० रुपये, RRN 504513128841. मशीनवर व्यवहार अयशस्वी दाखवला, यशस्वी व्यवहाराची स्लिप निघाली नाही.

दुसरा व्यवहार: सायं. ७.१५, रक्कम २,३४० रुपये, RRN 504513128902, अप्रूव्हल कोड 417263. हा यशस्वी झाला, स्लिप मिळाली. हा व्यवहार मला मान्य आहे.

दोन्ही वेळा कार्ड मीच वापरले होते, कार्ड माझ्याकडेच आहे. माझी तक्रार फक्त पहिल्या व्यवहाराबद्दल आहे. ती रक्कम दुकानाला मिळालेली नसल्याचे दुकानाचे पत्र सोबत जोडले आहे. आजपर्यंतच्या स्टेटमेंटनुसार ही रक्कम परत जमा झालेली नाही.

तरी पहिल्या व्यवहाराची २,३४० रुपये ही रक्कम माझ्या खात्यात परत जमा करावी, तसेच नियमाप्रमाणे विलंबाची भरपाई द्यावी. या अर्जाचा तक्रार क्रमांक देऊन पोच द्यावी ही विनंती.

सोबत: १) दि. १४ ते २१ फेब्रुवारीचे स्टेटमेंट २) दुसऱ्या व्यवहाराची स्लिप ३) दुकानाचे बिल ४) दुकानाचे पत्र

आपला विश्वासू,
(सही, नाव, खाते क्रमांक, मोबाईल क्रमांक)

---

यातलं "दोन्ही वेळा कार्ड मीच वापरले होते" हे वाक्य लोकांना उगाच वाटतं, उलट सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. रागाच्या भरात लोक लिहितात "माझ्या परवानगीशिवाय पैसे काढले", "हा व्यवहार मी केलेला नाही", किंवा फॉर्मवर फ्रॉडच्या चौकोनात टिक करतात. तसं केलंत की फाईल फ्रॉडच्या टेबलावर जाते, कार्ड ब्लॉक होतं, पोलीस तक्रारीची कॉपी मागतात आणि शेवटी उत्तर येतं की व्यवहार चिप आणि पिनने झाला आहे, ग्राहक जबाबदार. आणि ते त्यांच्या जागी बरोबरच असतं, कार्ड तुम्हीच लावलं होतं. तुमचं म्हणणं चोरी झाली असं नाहीये, एका बिलाचे दोनदा कटले असं आहे.

"हा व्यवहार मला मान्य आहे" हेही त्याच कारणासाठी, टेबलावरच्या माणसाला निवड करायला जागाच ठेवायची नाही. दुसरा प्रकार असेल तर विषयात "अयशस्वी" ऐवजी "एकाच बिलासाठी दोनदा झालेला व्यवहार" लिहा, दोन्ही स्लिपचे कोड द्या आणि "या व्यवहारावर चार्जबॅक दाखल करावा" असं स्पष्ट मागा, चार्जबॅक म्हणजे तुमच्या बँकेने कार्ड नेटवर्कमार्फत दुकानाच्या बँकेकडून पैसे परत मागणं. आणि समजा पहिलं फेल झाल्यावर तुम्ही दुसऱ्यांदा कार्ड न लावता कॅश किंवा यूपीआयने दिले असते, तर तो डुप्लिकेट नसून "दुसऱ्या मार्गाने पैसे दिले" असा वेगळाच दावा होतो, तिथे कॅशची पावती किंवा यूपीआयचा नंबर जोडावा लागतो. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही, पिन अर्जात कुठेच लिहायचं नाही, कोणी मागितलं तरी.

भरपाईचं सांगतो. भारतातल्या बँकेचं कार्ड आणि भारतातलंच दुकान असेल तर रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक लागू होतं. खात्यातून रक्कम गेली पण दुकानाच्या मशीनवर कन्फर्मेशन आलं नाही, स्लिप निघाली नाही, अशा व्यवहाराची रक्कम बँकेने व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत स्वतःहून परत करायची, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये द्यायचे, तेही ग्राहकाने मागायची वाट न बघता. वरच्या उदाहरणात मुदत १९ फेब्रुवारीला संपते, समजा रक्कम २६ तारखेला जमा झाली तर सात दिवसांचे ७०० रुपये वेगळे यायला हवेत. न मागता द्यायचे असले तरी अर्जात ओळ टाका, कारण नुसती रक्कम जमा करून तक्रार बंद करणं त्यांना सोपं जातं. हा नियम फक्त पहिल्या प्रकाराला आहे हे मात्र लक्षात ठेवा. दोन्ही स्लिपा निघाल्या असतील तर व्यवहार "फेल" नाहीच, तिथे चार्जबॅकचा रस्ता, आणि त्यात दुकानाच्या बँकेला उत्तर द्यायला वेळ असतो म्हणून आठवडे लागतात. त्या रस्त्याला बाहेरून पण मुदत असते, व्हिसाच्या नियमात डुप्लिकेटसाठी १२० दिवस आहेत, म्हणून दुकानदाराच्या "बघतो, करतो" वर महिने घालवू नका.

मधल्या काळात बँक कधीकधी तात्पुरती रक्कम जमा करते. ती निकालापर्यंतची असते, निकाल विरोधात गेला तर परत वजा होते, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये ती नोंद नीट वाचा आणि पक्की झाल्याचं विचारून घ्या.

आणि आता ती जागा जिथे बहुतेक लोक सोडून देतात. बँकेचं उत्तर येतं: "व्यवहार यशस्वी आहे, दुकानाच्या बँकेने चार्जस्लिप दिली आहे, तक्रार बंद." इथे गप्प बसू नका, त्या स्लिपची कॉपी मागा. आली की तिच्यावरचा RRN आणि अप्रूव्हल कोड बघा. मी पाहिलेल्या अशा केसेसमध्ये ती स्लिप कितीदा तरी दुसऱ्याच, म्हणजे तुम्हाला मान्य असलेल्या व्यवहाराची निघायची. दुकानाकडे एकच स्लिप असते, तो तीच पाठवतो, रक्कम तीच, तारीख तीच, कार्डचे शेवटचे चार अंक तेच, त्यामुळे मधल्या कोणालाच शंका येत नाही. वरच्या उदाहरणात स्लिपवर 417263 छापलेलं असेल तर लगेच लिहून द्या: "पाठवलेली स्लिप RRN 504513128902 ची आहे, तो व्यवहार मी अर्जातच मान्य केला आहे. माझी तक्रार 504513128841 बद्दल आहे, त्याची स्लिप दाखवावी." पहिल्या प्रकारात ती स्लिप अस्तित्वातच नसते. आणि खरंच दोन वेगळ्या कोडच्या दोन स्लिपा आल्या तर तुमचा प्रकार दुसरा होता हे कळलं, मग मागणी बदला आणि एकच बिल दाखवून चार्जबॅक मागा.

अर्जाच्या कॉपीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या, आणि तोच मजकूर बँकेच्या तक्रारीच्या ईमेलवर पण टाका, कारण शाखेतला कागद कार्ड विभागापर्यंत पोचायला कधीकधी त्यालाच आठवडा लागतो. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, शिक्क्याची कॉपी तिथे कामी येते.

तक्रार चालू असताना दुकानदाराने मधेच रिफंड केला तर त्याच दिवशी बँकेला कळवा. नाहीतर रक्कम दोन्हीकडून जमा होते, दोनेक महिन्यांनी हिशोब जुळवताना बँक एक परत वजा करते आणि तुम्ही पुन्हा "पैसे न सांगता कापले" म्हणून आमच्याच टेबलासमोर उभे.